अनुभव धागा: स्वप्नात हत्ती आला, तर त्याचा अर्थ कसा लावायचा?

पहाटवारा: हत्तीचं स्वप्न म्हणजे धनलाभ, हे एका ओळीचं उत्तर कुठेही मिळतं. जुन्या परंपरा मात्र आधी विचारतात की हत्ती करत काय होता. तो आत येत होता, पाठीवर घेत होता, भांडत होता की मागे लागला होता? ज्यांनी ही स्वप्नं लावली आहेत किंवा त्यांवरचं वाचलं आहे, त्यांनी नेमकं लिहा.

जुनी वही: सगळ्यात प्रसिद्ध स्वप्न बुद्धाच्या आईचं, मायादेवीचं. पांढरा हत्ती उजव्या कुशीतून आत शिरतो. भरहुतच्या स्तूपावरच्या दगडी वर्तुळात ती पलंगावर झोपलेली आहे आणि हत्ती वरून उतरतोय. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यातही हा प्रसंग रंगवलाय. ज्योतिष्यांनी सांगितलं की मुलगा चक्रवर्ती होईल किंवा बुद्ध. म्हणजे शुभ स्वप्नालाही एकच फळ ठरलेलं नव्हतं. बापाला त्या दोनपैकी एकच हवं होतं, आणि सगळी पुढची गोष्ट तिथूनच सुरू होते.

जैन परंपरेत तीर्थंकराच्या मातेला श्वेतांबरांच्या मते चौदा आणि दिगंबरांच्या मते सोळा स्वप्नं पडतात, हत्ती दोन्हींत आहे. यातला बारकावा असा की तो एकटा येत नाही. बैल, सिंह, लक्ष्मी असा क्रम असतो. कल्पसूत्र या जैन ग्रंथात वासुदेव पदाच्या महापुरुषाच्या मातेला त्यांतली सात, बलदेव पदाच्या महापुरुषाच्या मातेला चार दिसतात. फळ संख्येवर ठरतं. नुसता हत्ती पाहून तीर्थंकराचं भाकीत करणं हे त्या हिशेबात बसत नाही.

रानवाट: पण पांढरा हत्ती म्हणजे तर डोईजड खर्च! राजा दरबाऱ्याला पांढरा हत्ती द्यायचा आणि तो पोसता पोसता भिकेला लागायचा. मग हे स्वप्न शुभ कसं?

जुनी वही: तो सयामच्या राजांवरून इंग्रजीत रूढ झालेला वाक्प्रचार आहे, मराठीत तिथूनच आला. स्वप्नशास्त्राशी त्याचा संबंध नाही. खुद्द सयाममध्ये पांढरा हत्ती सापडणं म्हणजे राजाच्या पुण्याईची खूण. हत्तीचा अशुभ अर्थ हवा असेल तर चंद्रगुप्त मौर्याची सोळा स्वप्नं बघा, जैन आचार्य भद्रबाहूंनी उलगडलेली. त्यांत दोन काळे हत्ती झुंजतात, म्हणजे हवा तसा पाऊस पडणार नाही. आणखी एका स्वप्नात माकड हत्तीवर बसलंय, म्हणजे लायकी नसलेल्यांच्या हाती राज्य जाईल. प्राणी तोच, पण पाठीवर कोण आहे यावर फळ उलटलं.

दिवेलागण: माझं वेगळंच आहे. हत्ती दारात बसून राहतो, मला आत जाता येत नाही. रोज पडतंय. घरात आजारपण आहे, रात्री दोन-तीन वेळा उठावं लागतं. काही वाईट घडणार का?

वैद्यकी: चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक, दोषज. पहिली पाच निष्फळ मानली आहेत, म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं, भोगलेलं, हवंसं वाटलेलं आणि मनानं रचलेलं. उरलेली दोन म्हणजे पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांतून आलेलं. तुमचं भोगलेल्यातलं दिसतंय. दिवसभर जे ओझं आहे तेच दारात बसलंय. चरकच सांगतो की फार छोटं, फार लांबलेलं किंवा दिवसा पडलेलं स्वप्नही सोडून द्यावं. आधी वाईट आणि लगेच पाठोपाठ चांगलं पडलं, तर चांगल्याचं फळ धरावं. यातून भाकीत काढू नका. झोप मात्र सलग मिळेल असं बघा.

सागरतीर: हत्ती रोजचा नसेल तिथे अर्थ बदलतो. दुसऱ्या शतकातल्या आर्टेमिडोरसच्या ग्रीक ग्रंथात भारत आणि इटली सोडून इतरत्र हत्ती म्हणजे भय. इटलीत मात्र तो धनी किंवा राजा, निमूट वाहून नेत असेल तर त्याच्याकडून लाभ, इजा केली तर तोटा. इब्न सीरीनच्या नावावरच्या अरबी परंपरेत हत्ती हा परका राजा, आणि दिवसा हत्तीवर बसल्याचं दिसलं तर बायकोला तलाक. मक्केवर हत्ती घेऊन चालून आलेल्या अब्रहाची आठवण तिथे पक्की आहे, त्या सालालाच हत्तीचं साल म्हणतात.

रानवाट: आणि स्मरणशक्तीचा अर्थ? स्वप्नातला हत्ती म्हणजे विसरलेली आठवण, असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

पहाटवारा: वर आलेल्या जुन्या अर्थांत तो कुठेच नाही, अलीकडचा वाटतो. जंगलातल्या हत्तीबद्दल मात्र आधार आहे. टांझानियातल्या तारांगिरेत १९९३च्या दुष्काळात जे कळप उद्यान सोडून पाण्याकडे गेले, त्यांची पिल्लं जास्त वाचली. त्यांत आधीच्या मोठ्या दुष्काळातून तरलेल्या म्हाताऱ्या माद्या होत्या. त्यावरून स्वप्नाचा अर्थ काढणं मला लांबचं वाटतं.

दिवेलागण: वैद्यकी, सलग झोपेचं बघते. पण आज तो उठून बाजूला झाला. हे पाठोपाठचं चांगलं धरायचं का?

वैद्यकी: चरकाचा नियम एकापाठोपाठ पडलेल्या स्वप्नांचा आहे. मध्ये दिवस गेला तर तो लागू करावा की नाही, यावर माझं मत पक्कं नाही.