टाउन हॉल: १४० पैकी ३१?

"टाउन हॉलचं रेकॉर्डिंग: एकूण कर्मचारी १४०, पूर्ण पाहिलेले ३१, म्हणजे २२ टक्के. उरलेल्यांनी शुक्रवारपर्यंत पूर्ण करावं. – एचआर समन्वयक"

कापूसगाठ: ही चिठ्ठी आमच्या मिलच्या ग्रुपवर पडली अन् सकाळी सुपरवायझरनं चौघांसमोर विचारलं, "काहून पाह्यलं नाही?" अरे बावा, टाउन हॉल म्हंजे साहेबांची सगळ्यांसाठीची सभा, तिच्या ४८ मिनिटांतली ४५ पाह्यली. आभारप्रदर्शन सुरू झालं तवा बंद केलं. तरी मी कामचुकार?

सर्व्हरभाऊ: त्याच मिलची सिस्टिम मी सांभाळतो. 'पूर्ण'ची अट ९५ टक्क्यांवर ठेवली आहे, म्हणजे ४५ मिनिटं ३६ सेकंद. तू थोडक्यात हुकलास. यादी उघडून पाहिली तर १४० मधल्या ५२ ऑपरेटरांना लॉगइनच नाही. उरलेल्या ८८ पैकी ६१ जणांनी उघडलं. त्यातले ३१ पूर्ण, ११ पहिल्या पाच मिनिटांतच पळाले, आणि १९ जण ४४ ते ४५ मिनिटांच्या मध्ये थांबले, बरोबर आभारापाशी. ते धरले तर ८८ पैकी ५० होतात.

पगारपत्रक_ताई: मी दुसरीकडे एचआरमध्येच आहे. ८८ छापलं तर उद्या हेड ऑफिस म्हणेल, ५२ लोकांना लॉगइन नाही हे लपवलं. आणि त्या ३१ मधले किती जण व्हिडिओ चालू ठेवून डबा खायला गेले, ते तुमची सिस्टिम सांगते का?

सर्व्हरभाऊ: नाही सांगत. ते मान्य.

रात्रपाळी: त्या ५२ मधला मी. कँटीनच्या टीव्हीवर चाळीसेक जणांनी पाह्यलं. ते कोणाच्या नावावर?

सर्व्हरभाऊ: ज्याच्या लॉगइननं लावलं, त्या एकट्याच्या.

रात्रपाळी: घ्या! अन् आता म्हणते, शुक्रवारपर्यंत घरी पाहा. आमच्या गावात रेंज पाण्याच्या टाकीपाशी भेटते. नेट माझं, झोप माझी. ओव्हरटाइम देता का?

पगारपत्रक_ताई: ४८ मिनिटांचा ओव्हरटाइम? रील पाहायला बरी रेंज मिळते!

रात्रपाळी: रील पाहा म्हणून सुपरवायझर मागं लागत नाही, ताई. कंपनीनं सांगितलेलं काम ते कामच. बारा तास उभं राहून घरी आलं की मंग समजते.

कापूसगाठ: बराबर! मागं सेफ्टीचा व्हिडिओ होता, तोही घरीच पाह्याले लावला. तवापासूनचे तास धरा.

पगारपत्रक_ताई: दोघंही विषय कुठल्या कुठे नेताय. कँटीनमध्ये एका कागदावर सह्या घेतल्या असत्या तर ते चाळीस मोजता आले असते. एवढं सुचलं नाही कोणाला?

सर्व्हरभाऊ: नाही सुचलं, चूक आमची. पण ताई, एकच टक्का छापून माणसं चव्हाट्यावर आणायची नसतात. लॉगइन किती, उघडलं किती, कुठे थांबले, एवढ्या तीन ओळी पुरल्या असत्या.

पगारपत्रक_ताई: तीन ओळी वाचायला साहेबांना वेळ असता तर ४८ मिनिटं बोलले असते का? बरं, माझ्या पुढच्या चिठ्ठीत लिहीन.

रात्रपाळी: अन् ओव्हरटाइमचं?