मदत हवी आहे: कॅफेतल्या आइस्क्रीमवाल्या कोल्ड कॉफीच्या कॅलरी किती धरायच्या?

बाणेरची_बस
नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसच्या खाली एक छोटं कॅफे आहे, मालक स्वतःच गल्ल्यावर बसतो. तिथली आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी आठवड्यातून दोन-तीनदा होतेच. सध्या मी खाण्यापिण्याची नोंद ठेवते आहे आणि बाकी सगळं जमतं, फक्त हा ग्लास आला की घोडं अडतं. अ‍ॅपमध्ये 'कोल्ड कॉफी' शोधलं की एक नोंद 110 कॅलरी दाखवते, दुसरी 250 आणि तिसरी थेट 480. खरी कुठली?

काल काउंटरपाशी उभी राहून नीट बघितलं. ग्लास 350 मिलीचा, तसं मेनूवरच लिहिलंय. फुल क्रीम दूध मापाच्या मगमधून 180 मिली. व्हॅनिला आइस्क्रीमचे दोन स्कूप. साखरेच्या पाकाच्या बाटलीचे तीन पंप, एस्प्रेसोचा एक शॉट, सगळं मिक्सरला. ग्लासच्या आतून चॉकलेट सिरपच्या रेघा. बर्फ घालत नाहीत, दूधच अर्धवट गोठवलेलं असतं. वरचं व्हिप्ड क्रीम मी नको म्हणते.

कॉफी सोडायची नाहीये, त्यामुळे तो सल्ला नको. आकडा कसा काढायचा तेवढं सांगा.

ताकपुराण
सगळा घोळ फुल क्रीम दुधाचा आहे. स्किम्ड दूध घालायला सांगा, कॅलरी सरळ निम्म्या होतील. आणि मेनूवर कॅलरी लिहिणं आता कायद्याने सक्तीचं आहे, मालकाला विचारा कुठे लिहिल्यात म्हणून. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

सुगरण_नाही
कॉफी दुपारी चारनंतर घेत असाल तर झोपेचं बघा. मला अर्धा कप पुरतो रात्रभर जागं राहायला. मी आता सकाळीच घेते, तीही दूध न घालता.

बर्फगोळा
मी आइस्क्रीमच्या धंद्यात आहे, रोज हीच मापं हाताखालून जातात. ताई, तुम्ही बघितलंत ते उत्तम केलंत, कारण 'कोल्ड कॉफी' या नावाला काही अर्थ नाही. घरी पाणी, थोडं दूध आणि चमचाभर साखर घालून केलेली असते तीही कोल्ड कॉफीच. अ‍ॅपमधली 110 ची नोंद बहुधा 100 मिलीची असेल किंवा तसल्या घरगुती पेयाची. तुमच्या ग्लासात बर्फ नाही, पाणी म्हणाल तर एस्प्रेसोचं तेवढं. फुल क्रीम दुधातच 100 मिलीला 87 च्या आसपास कॅलरी असतात आणि तुमच्या ग्लासातली ती जवळजवळ सगळ्यात हलकी वस्तू. म्हणजे भरलेला 350 चा ग्लास 280-300 च्या खाली जाऊच शकत नाही. 110 आणि 250 इथेच बाद.

आता एकेक घेऊ. 180 मिली फुल क्रीम दूध म्हणजे साधारण 157. आइस्क्रीम साध्या व्हॅनिलाचं धरलं तर ग्रॅमला 2 कॅलरी; स्कूप काठोकाठ सपाट काढला तर 60 ग्रॅमच्या आसपास बसतो, दोनचे 120 ग्रॅम, म्हणजे 240. पाक घरचा, साखर आणि पाणी सारख्या वजनाचं असेल तर पंपाला 10 मिली या हिशेबाने 30 मिलीत 18 ग्रॅम साखर जाते, त्याचे 70-75. रेघांचं चॉकलेट सिरप चमचाभर, 20 ग्रॅम धरा, त्याचे 50. एस्प्रेसोचे एक-दोन, ते सोडून द्या. बेरीज 520 च्या आसपास. म्हणजे 480 ची नोंद सगळ्यात जवळची, पण तीही कमीच.

ताकपुराण
म्हणजे मी म्हटलं तेच. दूध बदला.

बर्फगोळा
दूध बदलून किती वाचतं ते करून बघा ना. स्किम्ड दुधात 100 मिलीला 35 कॅलरी धरल्या तर 180 मिलीचे 63. वाचल्या 94. म्हणजे 520 चे 425 झाले, निम्मे कुठले? टोन्ड घेतलं तर 50 वाचतात. एक स्कूप कमी केला तर 120. आपल्याकडे लोक दुधावर डोळा ठेवतात कारण 'फुल क्रीम' हे शब्द पिशवीवर मोठ्या अक्षरात असतात. आइस्क्रीमच्या निम्म्या कॅलरी दुधाच्या फॅटमधून आणि उरलेल्यातल्या बऱ्याचशा साखरेतून येतात, ते चवीत कळत नाही. थंड जिभेला गोड कमी लागतं, म्हणून साखर सढळ घालावी लागते.

कायद्याचंही अर्धंच बरोबर आहे. FSSAI चा नियम 1 जुलै 2022 पासून लागू आहे, पण तो ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा किंवा जास्त शाखा आहेत त्यांच्यासाठी. गल्ल्यावर मालक बसतो त्या एकट्या कॅफेला तो लागू नाही. आणि साखळी कॅफेत लिहिलेला आकडाही ठरलेल्या पाककृतीचा असतो. पोराने खुशीत जादा स्कूप टाकला तर तो त्यात नाही.

रविवार_पेठी
एक शंका. आमच्या फ्रीजमध्ये आइस्क्रीमचा डबा आहे. त्यावर 100 ग्रॅमला 200 कॅलरी लिहिलंय. एक स्कूप 100 मिलीचा असतो असं ऐकलंय. मग दोन स्कूपचे 400 व्हायला हवेत, तुम्ही 240 का धरता?

बर्फगोळा
डबा मिलीत विकतात आणि कॅलरी ग्रॅमवर लिहितात, तिथेच गडबड होते. आइस्क्रीम घुसळताना त्यात हवा भरली जाते. कायद्याने एक लिटर आइस्क्रीम किमान 525 ग्रॅम भरायलाच हवं, आणि स्वस्त-मध्यम माल त्याच्या थोडाच वर असतो. म्हणजे तुमचा 100 मिलीचा स्कूप 55 ग्रॅमच्या आसपास, त्याचे 110. महागडं दाट आइस्क्रीम असेल तर हवा कमी, फॅट जास्त, आणि त्याच आकाराचा स्कूप चांगलाच जड. तिथे ग्रॅमला अडीच कॅलरी धरायला हरकत नाही. फ्रोजन डेझर्ट असेल, म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल, तरी कॅलरीत फारसा फरक पडत नाही.

खरी पंचाईत स्कूपच्या वजनाची आहे. भरभरून काढला तर 80 च्या पुढे जातो. तुमच्या बेरजेत सगळ्यात डळमळीत आकडा हाच. मालकाला विचारा, चार लिटरच्या डब्यातून किती स्कूप निघतात. त्याला हे पाठ असतं, त्याचा नफा त्यावर आहे. डब्यात साधारण 2200 ग्रॅम माल असतो, त्याला भागा. नाहीतर सुटा स्कूप पार्सल घ्या आणि घरच्या काट्यावर ठेवा.

अलिबागचा_वारा
माझ्या बाबांना मधुमेह आहे आणि त्यांना हीच कॉफी हवी असते. कॅफेवाला म्हणतो शुगर-फ्री आइस्क्रीम घालून देतो. चालेल का? कॅलरी शून्य होतात का त्याच्या?

बर्फगोळा
शून्य मुळीच नाही. दुधाचं फॅट तिथेच राहतं, दुधातली मूळची साखरही राहते, आणि पाकाचे पंप बंद केलेत का ते कोणी विचारत नाही. चालेल की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मी आइस्क्रीमवाला आहे.

वहीत_नोंद
मी आहारतज्ज्ञ आहे, तेवढी एक भर घालते. अलिबागवाल्यांनी कॅलरीपेक्षा कर्बोदकं बघावीत. वरच्या हिशेबाच्या ग्लासात दुधातून 9 ग्रॅम, आइस्क्रीममधून 27 च्या आसपास, पाकातून 18 आणि चॉकलेट सिरपमधून 12-13 ग्रॅम, म्हणजे 65 च्या पुढे. तीही घटाघट पिण्याच्या रूपात. साध्या व्हॅनिलाऐवजी शुगर-फ्री घातलं तर यातले काही ग्रॅम कमी होतील, पण पाक आणि सिरप तसेच राहिले तर बाबांच्या रीडिंगमध्ये ते दिसणारच. डॉक्टरांकडे जाताना हे आकडे लिहून न्या, 'कोल्ड कॉफी पितात' एवढंच सांगू नका.

आणि बाणेरच्या ताई, तुम्हाला मधुमेह नसला तरी एक गोष्ट. दुधातली मूळची साखर सोडली तरी या ग्लासात वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आसपास जाते. जागतिक आरोग्य संघटना 2000 कॅलरीच्या आहारात दिवसभरासाठी जी वरची मर्यादा सांगते ती तेवढीच आहे. कॉफी सोडा म्हणत नाही, तुम्ही आधीच मना केलंय!

बाणेरची_बस
मंडळी, खूप आभार. मालकाला विचारलं. तो म्हणाला चार लिटरच्या डब्यात तीस-बत्तीस स्कूप, "आम्ही हात आखडत नाही." म्हणजे 70 ग्रॅमचा एक स्कूप झाला ना? दोनचे 140, म्हणजे 280 कॅलरी. बेरीज 560 च्या घरात जातेय. पण मग हे सगळं 350 च्या ग्लासात मावतं कसं? मिक्सरच्या भांड्यात तळाला थोडं राहतं, ते तो मुलगा कधी ओततो, कधी धुवून टाकतो.

बर्फगोळा
बरोबर पकडलंत. 180 दूध, आइस्क्रीममधली बरीच हवा निघून गेल्यावर 130 च्या आसपास, त्यात पाक आणि कॉफी मिळून 60, म्हणजे 370 आणि वर फेस. तेव्हा घोटभर भांड्यात राहणारच. ते राहिलं तर 520-530, ओतलं तर 560. मी 550 लिहिलं असतं आणि पुढे गेलो असतो. पाकाचं विचारलंत का? तो जर सारख्या मापाचा नसेल, साखर दुप्पट असेल, तर त्याच तीन पंपांत 26 ग्रॅम साखर जाते आणि वर 30 कॅलरी चढतात.

बाणेरची_बस
विचारलं. मुलगा म्हणाला "अंदाजाने करतो, चिकट झाला की बंद". आता यातून काय काढायचं? आजपासून एकच पंप टाकायला सांगितलाय. चवीत फरक कळला, पण दोन स्कूप असताना फार नाही.

ताकपुराण
मग दुधाचं पण सांगून बघा की एकदा. 50 तर 50.

रविवार_पेठी
धागा निघालाच आहे तर, मस्तानीचा हिशेब पण असाच का? आमच्याकडे पाहुणे आले की हमखास आणतात. आंब्याच्या मस्तानीत आटवलेलं दूध, वर आइस्क्रीमचा गोळा, खाली आंब्याचा रस.

बर्फगोळा
रीत तीच, पण आटवलेल्या दुधाला 87 चा आकडा चालणार नाही. किती आटवलंय ते कळल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ते प्रत्येक दुकानाचं आपापलं. रस डब्याचा असेल तर त्यात साखर आहे का तेही बघावं लागेल. कोणी पार्सल आणून गोळे वेगळे तोलले असतील तर इथे लिहा.