भांगलण, निंदण की खुरपणी? चार भागांतल्या शेतकऱ्यांना एकच संदेश लिहायचा तर

कृष्णाकाठ
आमचा सोयाबीनवाल्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे. सांगली, लातूर, यवतमाळ, जळगाव मिळून दोनशेच्या आसपास माणसं. आठवड्याचा सल्ला मी लिहितो. गेल्या खरिपात लिहिलं होतं, "पहिली भांगलण २० दिवसांत उरका. वाफसा बघून दोन पाळ्या द्या. फुलोरा दिसला की थांबा." यवतमाळच्या एका ताईंचा फोन आला, "दादा, हे भांगलण औषध कोणत्या दुकानात भेटते?" तेव्हापासून प्रत्येक शब्दाला अडखळतोय. माझ्या भागाची बोली सोडून पुस्तकी लिहू, की चारही भागांचे शब्द देत बसू?

सरळरेघ
पुस्तकी म्हणून नाक मुरडू नका. सरळ "आंतरमशागत" लिहा. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही कृषी विद्यापीठांच्या पत्रकांत हा शब्द असतो, रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमातही असतो. तो कुठल्याच भागाचा नाही, म्हणूनच सगळ्यांना चालतो. भांगलण लिहिलं की यवतमाळ नाराज, निंदण लिहिलं की सांगली नाराज.

वऱ्हाडी ठेचा
सरळरेघ भाऊ, नाराजीचं सोडा. आंतरमशागत करा म्हटलं तर उद्या सकाळी मी नेमकं कोणाले बोलावू? आमच्याकडं निंदण म्हणजे बायकांचं काम, चार बाया सांगाव्या लागतात, आदल्या रात्री घरोघरी जाऊन. डवरणी म्हणजे बैलजोडी आणि डवरा. दोन्हीची मजुरी वेगळी, माणसं वेगळी. तुमच्या एका शब्दात दोन्ही घुसले. कळतो तो शब्द, पण काम कळत नाही.

सरळरेघ
मान्य, शब्द मोठा आहे. पण मग "खुरपणी" आणि "कोळपणी" लिहा ना. पत्रकांत तेही असतात.

अक्षरधन
मूळ दुखणं कुणीच बोलत नाही. ग्रुप, मोबाइल, फोन! एका परिच्छेदात इतके परकीय शब्द, आणि चिंता कशाची तर भांगलणीची. फवारणीच्या पंपाला "तुषारयंत्र" का म्हणत नाही आपण?

वऱ्हाडी ठेचा
कारण तुषार म्हटलं की आमच्या गावात स्प्रिंकलरचे पाइप काढतात बाप्पा.

शिवारफेरी
कृषी खात्यात गावोगाव सल्ला देण्यात नोकरी गेली, बदल्या चारही दिशांना झाल्या, म्हणून थोडं लांबण लावतो.

भांगलणीची काळजी सोडा. त्या ताईंना शब्द कळला नाही, त्यांनी फोन केला, विषय संपला. अनोळखी शब्द वाचणाऱ्याला थांबवतो. तुमच्या संदेशातला धोक्याचा शब्द दुसराच आहे, तो म्हणजे "पाळी". लातूरकडे किंवा यवतमाळकडे कोरडवाहू माणसाला पाळी म्हणजे औताची फेरी. वखर एकदा शेतातून फिरला की एक पाळी झाली. बागायतदाराला पाळी म्हणजे पाण्याची पाळी, मग ती कॅनॉलची असो की विहिरीची. तुम्ही लिहिलंत "दोन पाळ्या द्या". कशाच्या, ते लिहिलंच नाही. शब्द दोघांच्याही ओळखीचा, त्यामुळे दोघांपैकी कुणीच फोन करणार नाही. आपापल्या अर्थाने काम करून मोकळे होतील. ग्रुपवर विचारा, कुणी पाणी दिलं का.

कृष्णाकाठ
विचारलं. दोघांनी दिलं होतं. एकाची जमीन हलकी, त्याचं निभावलं. दुसऱ्याच्या काळ्या रानात पाणी दिलं आणि मागून चार दिवस पाऊस लागला, सोयाबीन पिवळं पडलं. त्याचं म्हणणं, "सल्ला तुमचाच होता." माझ्या डोक्यात कोळप्याची पाळी होती, आणि मी स्वतः बागायतदार असून मला हे सुचलं नाही.

तरवा
रत्नागिरीहून. "काळ्या रानात" वाचून मी दोन मिनिटं थांबलो. आमच्याकडे रान म्हणजे जंगल, तिथे सोयाबीन कशाला पेरील कोणी? आणि तुमच्या चारही शब्दांत आमची बेणणी नाहीच. भातातलं तण काढतो ती बेणणी. भंडारा-गोंदियाकडच्या एका मित्राला मी लिहिलं होतं, "लावणी आटोपली, आता बेणणी." तो म्हणाला, लावणी बघायला गेला होतास की काय? त्यांच्याकडे रोवणी, आणि पीक धान. आम्ही भात म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ताट येतं.

शिवारफेरी
तरवा, हेच म्हणतो. लिहिणाऱ्याने आधी कठीण शब्द शोधू नयेत. आधी असे शब्द शोधावेत जे दोन भागांत दोन अर्थांनी सोपे आहेत. पाळी, रान, भात, लावणी. ते काढले की उरतात ते नुसते अनोळखी, आणि तिथे चूक झाली तरी फार तर फोन येतो.

आता भांगलणीच्या जागी काय? मी "तण काढा" लिहीन. तो कुठल्याच भागातला कामाचा शब्द नाही, कुणी बाईला हाक मारताना "चल तण काढायला" म्हणत नसेल. पण वाचला की चारही भागांत एकच चित्र उभं राहतं. सोबत हत्यार लिहायचं. खुरपं म्हटलं की हाताचं काम, कोळपं किंवा डवरा म्हटलं की बैलाचं. ठेचाभाऊंचा उद्या कुणाला बोलावू हा प्रश्न तिथेच मिटतो. सांगलीचा कुळव आणि तिकडचा वखर यांचंही तसंच.

सातासमुद्रापार
विषय थोडा वेगळा, पण राहवत नाही. मी माहेरची नागपूरची. इथल्या मराठी मंडळासाठी कोहळ्याच्या भाजीची कृती लिहिली, शेवटी "वरून सांभार घाला". पुण्याच्या मैत्रिणीने पांढरा कोहळा शोधायला तीन दुकानं पालथी घातली आणि इडलीबरोबरचं सांबार करून त्यावर ओतलं. मला लाल भोपळा आणि कोथिंबीर म्हणायचं होतं! कोल्हापूरच्या एका काकूंनी मग समजूत काढली, "आम्ही लिहितो दोन चमचे चटणी घाला, ते लाल तिखट असतंय. लोक शेंगदाण्याची घालतात."

वऱ्हाडी ठेचा
ताई, सांभार म्हणजे सांभारच. चूक त्या पुण्याच्या मैत्रिणीची.

आणि हे मस्करीत नाही म्हणत. शिवारफेरी साहेब, तुमचं "सगळ्यांना कळेल ते लिहा" ऐकायला बरं वाटते. पण सगळ्यांना कळणारा शब्द दरवेळी पुण्या-मुंबईकडूनच कसा येतो? तिकडचा "बांध" आम्ही शाळेत शिकलो, आमचा "धुरा" तिकडं कोणी शिकला नाही. कोथिंबीर आम्हाले कळते, सांभार तुम्हाले कळत नाही. मग दरवेळी आम्हीच सोडायचं? ग्रुपमध्ये निंदण लिहा, दोन वर्षांत सांगलीवाले शिकतील.

सरळरेघ
सोयाबीन दोन वर्षं थांबेल का?

वऱ्हाडी ठेचा
नाही थांबणार. पण मग शिकायचं केव्हा, ते पण सांगा.

शिवारफेरी
याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. मी एवढंच करायचो की सल्ला सगळ्यांना कळणाऱ्या शब्दांत द्यायचा, आणि पहिल्या ओळीत दर आठवड्याला एका भागाचं नाव टाकायचं. "निंदणाचे दिवस आले" अशी सुरुवात, खाली तण आणि खुरपं. पुढच्या वेळी "भांगलणीचे दिवस". जिथे चुकीचं समजलं तर नुकसान होईल त्या ओळीत मात्र प्रयोग नको.

आणि एक. संदेश पाठवण्याआधी प्रत्येक भागातल्या एकाला वाचून दाखवा. "समजलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "उद्या सकाळी काय करणार?" असं विचारा. पाण्याची मोटर म्हणाला की कळलं, शब्द चुकला.

कृष्णाकाठ
पुन्हा लिहिलंय, बघा:

"निंदणाचे दिवस आले. सोयाबीन पेरल्यापासून १५ ते २० दिवसांनी कोळपं किंवा डवरा फिरवून दोन ओळींमधलं तण काढा. झाडाला लागून उरलेलं तण खुरप्याने काढा. ३० ते ३५ दिवसांनी पुन्हा तसंच. माती मुठीत दाबल्यावर गोळा होतो पण बोट लावलं की फुटतो, अशा ओलीतच औत घाला. फुलं दिसू लागली की औत बंद."

लातूरच्या एकाला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, "उद्या बैल, परवा बायका." जळगाव अजून उचलत नाहीये. आधी मी नुसतं "२० दिवसांत" लिहिलं होतं, तर काही जण उगवल्यापासून मोजत होते, म्हणजे आठवडाभर उशीर. ते "पेरल्यापासून" त्यासाठी.

वऱ्हाडी ठेचा
डवरा टाकला, बरं वाटलं. पण वाफसा काहून काढला? तो शब्द तर चारही जिल्ह्यांत चालते! सगळ्यांचा एक शब्द होता, तोच मोडून तुम्ही आम्हाले माती दाबायला शिकवून राहिले. माझे वडील हे वाचून म्हणतील, हा कोण शहाणा.

शिवारफेरी
इथे ठेचाभाऊंचं बरोबर. सोपं करण्याच्या नादात चांगला चालणारा शब्दही माणूस फोडून टाकतो. "वाफसा असेल तेव्हाच औत घाला" एवढं पुरे.

कृष्णाकाठ
ग्रुपमध्ये नोकरी सांभाळून शेती बघणारी पोरंही आहेत. मुठीची ओळ त्यांनीच मागितली होती. वाफसा त्यांना ऐकून माहीत आहे, पण चिखलात कोळपं घातलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. मी दोन्ही ठेवतो, आधी वाफसा आणि मागून मूठ. वडिलांना सांगा, दुसरी ओळ पोरांसाठी आहे.

वऱ्हाडी ठेचा
सांगतो. ऐकणार नाहीत.

सरळरेघ
ऑक्टोबरचा संदेश आत्ताच ठरवून टाका. काढणी लिहिणार ना?

कृष्णाकाठ
काढणीच. सोंगणी पहिल्या ओळीत. अडलोय ते पुढे. कापलेलं सोयाबीन रचून वर ताडपत्री टाका, हे सांगायचंय. लातूरकर म्हणतो बनीम, यवतमाळच्या ताई सुडी म्हणतात, कुणी गंजी.

सातासमुद्रापार
गंजी नको! आमच्याकडे दोरीवर वाळत घालतात ती गंजी.

तरवा
"ढीग" लिहा की.

वऱ्हाडी ठेचा
ढीग म्हटलं तर खरंच ढीग करतील. सुडी रचावी लागते, शेंगा आत आणि बुडखे बाहेर, नाहीतर पाणी मुरते. ढिगाले कोण रचते?