मदत हवी आहे: उंची ४ फूट १० इंच, कार कोणती घ्यावी?

नमस्कार. मी फोंड्याची, रोज पणजीला जाते. काल शोरूममध्ये एका कारमध्ये बसून पाहिलं. सीट वर घेतल्यावर बॉनेटची कड दिसली, पण क्लच तळापर्यंत दाबेना. सीट पुढे ओढली तर छाती आणि स्टिअरिंगमध्ये टेपने मोजून १८ सेंटिमीटर. एअरबॅगसाठी निदान २५ तरी हवेत. स्टिअरिंग फक्त वर-खाली होत होतं, डॅशबोर्डकडे ढकलता येत नव्हतं.

घराकडचा रस्ता चढाचा, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, त्यामुळे पुढचं दिसणं सोडता येणार नाही. क्लच नसलेली ऑटोमॅटिक घेतली तर सीट थोडी मागे ठेवता येईल का? माझ्याएवढ्या उंचीच्या कुणी दहा लाखांपर्यंतची, सीट उंच होणारी आणि स्टिअरिंग मागे-पुढे होणारी कार चालवत असेल तर व्हेरियंटसकट सांगा.