गुरुजींना ईमेलमध्ये दक्षिणा आधीच विचारावी का?

नवीचौकट
नवीन फ्लॅटची वास्तुशांत करायची आहे. गुरुजी ओळखीतून मिळाले. फोनवर म्हणाले, सगळं एकदा ईमेल करा, वाचून कळवतो. मी खालचा मजकूर लिहिलाय. नवरा म्हणतो शेवटचं वाक्य काढ, त्यांचा अपमान होईल. मी म्हणते राहू दे. तुम्हाला काय वाटतं?

"नमस्कार गुरुजी. नवीन घराची वास्तुशांत करायची आहे. 24 मे, 31 मे, 7 जून 2026, तिन्ही रविवार आम्हाला चालतील. सकाळी 8 ला सुरू करून 11 पर्यंत आटपावं, 12 ला पाहुणे जेवायला येतील. साहित्याची यादी पाठवावी. संपूर्ण पॅकेजचा दर कळवावा, म्हणजे तुलना करता येईल."

समई
नवऱ्याचं ऐक. गुरुजी घरात देव बसवायला येणार आहेत, फर्निचर बसवायला नाही. आमच्याकडे सुपारी-नारळ घेऊन त्यांच्या घरी जायची पद्धत होती. आता जाणं जमत नसेल तर निदान फोन कर. 'पॅकेज' आणि 'तुलना' हे दोन शब्द वाचून मलाच कसंसं झालं. दक्षिणा ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावी, ती विचारायची गोष्ट नव्हे.

खर्चवही
माझं मत उलट आहे. न विचारल्याने आमच्याकडे काय झालं ते सांगते. 'तुमच्या इच्छेने द्या' असं तीन वेळा ऐकलं, पाकीट तयार ठेवलं. पूर्णाहुती झाल्यावर कळलं की सोबत आलेल्या दोघांची दक्षिणा वेगळी, साहित्य त्यांनी आणलं त्याचे वेगळे, रिक्षाचे वेगळे. पाहुणे हॉलमध्ये, आणि आम्ही नवराबायको आतल्या खोलीत कपाट उघडून नोटा मोजतोय. तो ओशाळलेपणा अजून आठवतो. चूक त्यांची नव्हती, विचारलं नाही ही आमची. तेव्हा वाक्य ठेव.

मुहूर्तशोधी
टोकन कधी दिलंत? रजिस्ट्रेशन अमावास्येला झालं असेल तर वास्तुशांतीचा उपयोग होत नाही असं ऐकलंय. ते आधी तपासा.

नवीचौकट
रजिस्ट्रेशन कधीच झालंय, प्रश्न ईमेलचा आहे.

पळीपंचपात्र
मी स्वतः पौरोहित्य करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दक्षिणेआधी तारखा बघा, कारण तुमच्या तिन्ही तारखा जातात. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून. अधिक महिन्यात वास्तुशांत करत नाहीत. म्हणजे हा ईमेल मला आला असता तर मी एका ओळीत 'जमणार नाही' लिहिलं असतं आणि तुम्हाला वाटलं असतं की पैशाचं विचारलं म्हणून रागावले.

निज ज्येष्ठ 16 जूनला सुरू होतो. त्यातले पंचांगातले वास्तुशांतीचे दिवस गुरुजींनाच काढू द्या. तुम्ही फक्त तुम्हाला न जमणारे दिवस कळवा. रविवारच हवा हा आग्रहही शक्य तर सोडा. मुहूर्ताच्या ग्रंथांत गृहप्रवेशाला रविवार आणि मंगळवार टाळायला सांगितलेत. सुट्टीमुळे लोक रविवारी करतात, मीही करतो, पण रविवारी माझ्याकडे दोन-तीन निमंत्रणं असतात आणि एखाद्या बुधवारी मी दिवसभर तुमचा असतो.

दुसरं, लागोपाठचे तीन रविवार म्हणजे लवचिकता नव्हे. पर्यायी तारीख ठेवायची ती मुख्यतः सुतक-सोयरासाठी. दहा दिवसांचं सुतक आलं तर पहिल्या रविवारसोबत दुसराही जातो. म्हणून दुसरी तारीख पहिलीपासून निदान दोन-अडीच आठवडे लांब ठेवा. एकदा नांदीश्राद्ध झालं की मग त्या कार्याला सुतकाची बाधा नसते, पण तिथपर्यंत पोचायला हवं ना.

समई
अधिक महिना माझ्याही लक्षात आला नव्हता. बरं झालं सांगितलंत. पण पैशाचं काय म्हणता?

पळीपंचपात्र
विचारलेलं मला आवडतं. खटकतो तो 'पॅकेज' शब्द, कारण त्यात चार वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात आणि भांडण तिथेच होतं. माझी दक्षिणा, सोबतच्या ब्रह्मवृंदाची दक्षिणा, साहित्य आणि येण्याजाण्याचा खर्च. साहित्याचा हिशेब मी पै-पैचा देतो, तो विचारण्यात संकोच कसला? दक्षिणा मात्र मी आकडा सांगून घेत नाही, विचारलं तर 'साधारण एवढी देतात' म्हणतो. माझ्याबरोबरचे काही जण स्पष्ट आकडा सांगतात. त्यात मला गैर वाटत नाही, त्यांचंही घर चालायचं असतं.

आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही. पीठावरचे तांदूळ, वस्त्रं, नारळ हे पूजेनंतर गुरुजींकडे जातं, ते बहुतेकांना माहीत असतं. पण तांब्याचे कलश आणि ताम्हन? कुणी आजीचं ताम्हन काढून देतं, गुरुजी ते दानातलं समजून पिशवीत ठेवतात आणि मग सून रडकुंडीला येते. ईमेलमध्ये एक ओळ घाला: 'भांडी घरची आहेत, परत ठेवायची आहेत' किंवा 'कलश दान द्यायचा आहे, तो नवा आणू'.

तिसरामजला
एवढं लांबवायची गरज काय? शास्त्रात यथाशक्ती दक्षिणा सांगितलीय, म्हणजे आकडा सांगणं मुळातच चूक. आणि तीन तास भरपूर झाले. आमची वास्तुशांत दोन तासांत झाली होती.

पळीपंचपात्र
यथाशक्ती हे बरोबर आहे, पण ते यजमानाने स्वतःला विचारायचं असतं. साहित्याला आणि रिक्षाला यथाशक्ती लागू होत नाही. दोन तासांत तुमच्याकडे बहुधा गणेशपूजन आणि उदकशांत किंवा छोटा होम झाला असेल. भाड्याच्या घरात तेवढंच करतात आणि ते योग्यच आहे.

पूर्ण वास्तुशांतीत आधी संकल्प, गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध यातच सव्वा-दीड तास जातो. मग ग्रह आणि 81 पदांचं वास्तुमंडल, त्यावर एकेका देवतेचं आवाहन. त्यानंतर होम, बलिदान, पूर्णाहुती, शेवटी निक्षेप. एकटा असलो तर चार ते पाच तास धरतो, दोघं मदतीला असले तर थोडे कमी. 8 ला सुरू केलं तर 11 ला होम रंगात असतो. 12 ला बोलावलेले पाहुणे धुरात उभे राहतात, यजमानीणबाई पाटावरून उठू शकत नाहीत आणि मग मला मंत्र पळवायला सांगतात. पाहुण्यांना दीडला बोलवा. सुरुवात 7 ची ठेवली तर आणखी बरं.

वीटवाळू
होमाचा विषय निघालाय म्हणून माझं सांगतो. आमच्याकडे पत्र्याचं हवनकुंड थेट टाइल्सवर ठेवलं. दुपारी कुंड उचललं तर खालची टाइल आडवी तडकलेली, बारीक केसासारखी रेघ, नख लावल्यावर कळते. ताबा मिळून आठ दिवस झाले होते. नंतर दुसऱ्या कार्याला गुरुजींनी खाली विटांचा थर, त्यावर बोटभर वाळू आणि त्यावर कुंड ठेवलं, काहीही झालं नाही. यादीत समिधा, तूप, तीळ, गोवऱ्या सगळं असतं, विटा आणि वाळू नसतात, कारण ते पूजेचं साहित्य नाही. तुम्ही स्वतःहून विचारा. आणि इमारतीत धुराचा अलार्म असेल तर सोसायटीला दोन दिवस आधी सांगून ठेवा.

नवीचौकट
हे सगळं लिहायला हवं होतं, मी नुसतं 'यादी पाठवावी' लिहिलं. यादी कधी मागू? आणि निक्षेप म्हणजे घरात काही पुरायचं असतं का? आमच्या टाइल्स लागून झाल्या आहेत.

पळीपंचपात्र
यादी पंधरा दिवस आधी मागा आणि कोण काय आणणार ते तिच्यावरच लिहून घ्या. नवग्रहांच्या समिधा, पंचरत्न, सप्तमृत्तिका हे गुरुजींनीच आणावं. तुम्ही शोधत बसाल आणि पळसाऐवजी भलतंच लाकूड आणाल. विड्याची पानं, फुलं, दूध, केळी, तांदूळ हे तुमचं. पानं आदल्या संध्याकाळी आणा, आधी आणली तर कडा काळ्या पडतात. ईमेलमध्ये दोघांची नावं, गोत्र आणि ऋग्वेदी की यजुर्वेदी ती शाखा लिहा. माहीत नसेल तर तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही.

निक्षेप म्हणजे वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा डबीत घालून आग्नेय कोपऱ्यात ठेवायची. त्यासाठी तिथली एक टाइल उचलावी लागते, म्हणून टाइल्स लागण्याआधी गवंड्याला सांगून एक मोकळी ठेवतात. तुमची लागली असेल तर गवंड्याकडून उचलून घ्या. खालचा माल थोडा काढला तरी डबी बसते. स्लॅबला मात्र छिन्नी लावू देऊ नका.

तिसरामजला
इथे मी हटणार नाही. चौथ्या मजल्यावर जमीन कुठे आहे पुरायला? आमच्या गुरुजींनी प्रतिमा पूजेत ठेवून नंतर विसर्जित केली.

पळीपंचपात्र
तसं करणारे आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद मला अगदीच खोडता येत नाही. आमच्या गुरूंनी मजल्यावरही निक्षेप सांगितला, मी तो पाळतो. म्हणून तर हे आधी विचारायचं. गवंडी त्या दिवशी सकाळी मिळत नाही.

समई
आग्नेय कोपरा बऱ्याच फ्लॅटमध्ये ओट्याखाली येतो. माझ्या भाचीकडे सिलिंडर सरकवून टाइल काढावी लागली. कोपरा आधी कंपासने बघून ठेव.

नवीचौकट
सगळं वाचून पुन्हा लिहिलं:

"नमस्कार गुरुजी. आमच्या स्वतःच्या फ्लॅटची पूर्ण वास्तुशांत करायची आहे. 16 जूननंतर पंचांगाप्रमाणे योग्य असे दोन दिवस सुचवावेत, दोन्हींत निदान अडीच आठवड्यांचं अंतर असावं. मधला वारही चालेल. फक्त 22 ते 24 जूनला आम्ही बाहेरगावी आहोत. सकाळी 7 ला सुरू करू, पाहुण्यांना दीड वाजता बोलावतो आहोत. निक्षेप करणार असाल तर आग्नेय कोपऱ्यातली टाइल काढून ठेवतो, डबीचा आकार कळवावा. होमाखाली विटा आणि वाळू आम्ही आणू. ताम्हन-पळी घरची आहेत, ती परत ठेवायची आहेत. कलश नवा आणून दान देऊ. समिधा वगैरे आपण आणाव्यात. साहित्य, येणंजाणं आणि सोबत येणाऱ्यांची दक्षिणा वेगवेगळी कळवलीत तर त्याप्रमाणे तयारी करता येईल. आपल्या दक्षिणेबद्दलही मोकळेपणाने सांगावं. गोत्र आणि नावं खाली देत आहे."

नवरा अजूनही म्हणतो 'आपल्या दक्षिणेबद्दल' हे फोनवर विचारू.

समई
आता मला वाचताना काही खुपलं नाही. पण ते एक वाक्य फोनवरच बोल, आवाजातला आदर कागदावर उतरत नाही.

खर्चवही
नको, लिहूनच विचार. फोनवर पुन्हा 'तुमच्या इच्छेने' येईल आणि तू पुढे काही बोलणार नाहीस.

पळीपंचपात्र
मला दोन्ही चाललं असतं. शाखा लिहायला विसरू नका.