शब्दचर्चा: ऑक्टोपसची 'रंगपेशी' की 'रंगपिशवी'?

शब्दवेडा: ऑक्टोपसवरच्या लेखाचं भाषांतर तपासतोय. 'क्रोमॅटोफोर'ला 'रंगपेशी' लिहिलंय आणि पुढे 'सरड्यासारखा रंग बदलतो'. ठेवू का?

मास्तर: बेडकाला, सरड्याला 'रंगपेशी' शोभते. तिथे रंगाचे कण पेशीच्या आतल्या आत पसरतात, गोळा होतात. हे काम बरंचसं संप्रेरकांवर चालतं, म्हणून वेळ लागतो. ऑक्टोपसमध्ये मध्यभागी रंगाने भरलेली लवचीक पिशवी असते आणि तिच्याभोवती आऱ्यांसारखे स्नायू. मेंदूकडून आज्ञा आली की स्नायू चहूबाजूंनी ओढतात, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका पसरून चपटा होतो. स्नायू सैल पडले की पिशवी रबरासारखी आकसते. पिशवी, स्नायू आणि चेता मिळून हा एक छोटा अवयवच झाला, त्याला 'पेशी' कसं म्हणायचं? मी 'रंगपिशवी' लिहीन.

कोळंबीप्रेमी: एवढा झटपट रंग बदलतो तो तीन हृदयांमुळे ना? रक्त लगेच पोचतं.

मास्तर: हृदयं तीन, हे बरोबर. दोन कल्ल्यांतून रक्त ढकलतात, तिसरं ते अंगभर फिरवतं. रंगाशी मात्र त्यांचा संबंध नाही. एका बाजूच्या त्वचेकडे जाणारी चेता कापली तर तेवढी बाजू फिकी पडते, रक्त तर तिथे पूर्वीसारखंच वाहत असतं.

खाडीकाठ: मग बाजारातल्या ताज्या माकलीचं काय? मेलेली असते, तरी बोट लावलं की तपकिरी ठिपके लुकलुकतात. तिथे मेंदू कुठून आला?

मास्तर: छान पकडलंत. जीव गेला तरी त्वचेतले स्नायू काही वेळ जिवंत राहतात आणि स्पर्शाने थेट आकसतात. म्हणजे आज्ञा मेंदूची, पण ओढण्याचं काम स्थानिक. माल शिळा झाला की ही हालचाल बंद होते आणि रंग पिशव्यांतून झिरपून पांढऱ्या मांसाला गुलाबी छटा येते.

खाडीकाठ: म्हणूनच आई गुलाबी झालेली माकली परत करायची! पण अंगावर निळं-हिरवंही चमकतं, ती वेगळ्या रंगाची पिशवी का?

मास्तर: नाही. पिशव्यांत पिवळा, तांबडा, तपकिरी असेच रंग असतात. निळी-हिरवी झाक खालच्या थरातल्या परावर्तक पेशींची, प्रकाश उलटवून येणारी. त्या खरोखर पेशी आहेत, त्यांना 'पेशी' म्हणा.

शब्दवेडा: 'रंगपिशवी' ऐकून मला धुळवडीचीच पिशवी आठवते. 'रंगबिंदू' कसा?

मास्तर: दिसायला बिंदूच, पण त्यात ताणणं-आकसणं येत नाही.

कोळंबीप्रेमी: आणि 'सरड्यासारखा'?

शब्दवेडा: ते काढतो. आपल्याकडे तो शब्द पक्ष बदलणाऱ्यांसाठी राखीव आहे. 'रंगबिंदू'वर मात्र मी अजून अडून आहे.