मदत हवी आहे: आईसाठी खुर्चीत बसून करता येईल असं फॉल लावायचं काम

नमस्कार. माझी आई ६१ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी तिच्या खुब्याचं हाड मोडलं आणि सांधा बदलावा लागला. आता वॉकरने घरात फिरते, पण मांडी घालून किंवा पाटावर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पायाचं शिलाई मशीन तर बंदच आहे. त्यावरच तिची कमाई होती, आणि रिकामं बसणं तिच्या मनाला फार लागतं.

हात मात्र उत्तम चालतात, म्हणून साड्यांना हाताने फॉल लावून पाहिला. फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री केला; नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि काठाला चुण्या पडतात. वरच्या कडेला एक-दोन धागेच उचलून तुरपाई केली, सुलट बाजूने टाका दिसत नाही. सुती साडी छान झाली. रेशमी साडी मात्र टेबलावरून घसरते, तिच्या वजनाने टाका ओढला जातो, आणि ती सावरायला आई पुढे वाकते. तेच वाकणं मला नको आहे.

हे काम करणाऱ्यांनी सांगा: खुर्चीत बसून रेशमी साडी कशी धरता? पिको बाहेरून करून घेतला तर आईच्या हाती साडीमागे किती उरतं? की मशीनला मोटर बसवून पेडल चांगल्या पायाने चालवणं जमेल? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण अनुभव ऐकायचाय.

'आधी नोंदणीचे पैसे भरा' म्हणणारी पॅकिंगची कामं कृपया सुचवू नका. त्यात आमचे पैसे एकदा गेलेत.